एका पोथीची नोंद: शीर्षक, विषय आणि वर्णन

प्रश्न: इंदूरला आमच्या मंडळाकडे एका जुन्या घरातून मराठी पोथ्यांचे रुमाल आले आहेत. स्कॅनिंग झालं, आता डीस्पेसमध्ये नोंदी भरायच्या आहेत. टायटल, सब्जेक्ट आणि डिस्क्रिप्शन या तीन रकान्यांत नेमकं काय लिहायचं? एका रुमालाच्या चिठ्ठीवर ‘रुक्मणी मंगल’ आहे, आत ‘रुक्मिणीस्वयंवर’ दिसतं आणि शेवटी दोन वेगळे शक आहेत. शेवटच्या पत्रावर आकडा ११२ आहे, ४१ आणि ४२ सापडत नाहीत, स्कॅन २२० निघाले. मंडळातले काहीजण म्हणतात, पोथी महेश्वरची आणि अहिल्याबाईंच्या काळातली आहे, तर त्यांचं नाव शीर्षकात घ्या. मोबाइलवर काढलेले काही फोटो सोबत पाठवते. एखादा नमुना करून द्याल का?

उत्तर:

नमुना तुमच्या याच पोथीचा करू. पहिलं पत्र, शेवटची दोन, मधली काही आणि रुमालाची चिठ्ठी एवढं फोटोत दिसतंय. नोंदीपुरतं ते पुष्कळ आहे.

रकाने भरायला घेण्याआधी एक भेद डोक्यात पक्का करा, कारण पुढचे बहुतेक घोटाळे त्याच्याशीच येऊन थांबतात. तुमच्यासमोर दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे एकनाथांनी रचलेला ग्रंथ. दुसरी म्हणजे त्या ग्रंथाची कुणीतरी सव्वादोनशेहून जास्त वर्षांपूर्वी हाताने उतरवलेली ही प्रत. ग्रंथ एकच असतो, प्रती घरोघरी असतात. शीर्षक आणि विषय हे ग्रंथाचे असतात, वर्णन मुख्यतः प्रतीचं असतं. एखादी माहिती कुठल्या रकान्यात घालावी असा प्रश्न पडला, की ती ग्रंथाबद्दल आहे की प्रतीबद्दल एवढं स्वतःला विचारायचं.

आता शीर्षक. पोथीचं नाव चार ठिकाणी सापडू शकतं आणि चारही ठिकाणांवर सारखाच भरवसा ठेवता येत नाही. सर्वात भरवशाची जागा म्हणजे प्रत्येक अध्यायाच्या किंवा प्रसंगाच्या शेवटी येणारी ‘इति श्री’ची ओळ. त्यानंतर आरंभीचं मंगलाचरण आणि पहिल्या काही ओव्या. मग समासातली हुंडी, म्हणजे पत्राच्या पाठीमागच्या बाजूला डावीकडे वर लिहिलेलं नावाचं आखूड रूप. तुमच्या पोथीत ते ‘रु. स्व.’ असं आहे आणि खाली पत्राचा आकडा आहे. उजव्या समासात खाली ‘राम’ आणि पुन्हा तोच आकडा. सर्वात शेवटी रुमाल, पाट्या आणि चिठ्ठ्या. चिठ्ठी पोथीसोबत जन्मलेली नसते. ती कुणीतरी नंतर, बहुतेक वेळा आवराआवरी करताना अंदाजाने लिहिलेली असते, आणि रुमाल तर सर्रास अदलाबदल होतात.

तुमच्या पोथीतली ‘इति श्री’ची ओळ जरा जपून वाचावी लागेल. तिच्यात आधी भागवत महापुराण, दशमस्कंध असे शब्द येतात आणि ग्रंथाचं नाव त्यानंतर येतं. घाईत असलेला माणूस पहिले शब्द वाचतो आणि शीर्षकात ‘भागवत, दशमस्कंध’ लिहून मोकळा होतो. हे दिसायला क्षुल्लक आहे, पण एकनाथांचं प्रसिद्ध भागवत अकराव्या स्कंधावर आहे. कर्ता एकनाथ आणि शीर्षक ‘भागवत, दशमस्कंध’ अशी नोंद पाहिली तर एखादा अभ्यासक नाथांचा अज्ञात ग्रंथ सापडला म्हणून पुण्याहून गाडी पकडून येईल. तिथे दशमस्कंध हा कथेचा आधार सांगितलेला आहे. ग्रंथाचं नाव रुक्मिणीस्वयंवर हेच.

मग शीर्षकात एवढंच लिहा: रुक्मिणीस्वयंवर. पुढे ‘प्राचीन’, ‘दुर्मिळ’, ‘हस्तलिखित’, ‘संत एकनाथ महाराजकृत’ असं काही नको. कर्त्याचा रकाना वेगळा आहे आणि या बाबतीत तो फार कामाचा आहे, कारण या नावाचा ग्रंथ एकट्या नाथांचा नाही. महानुभावांच्या नरेंद्राचं रुक्मिणीस्वयंवर आहे, ते नाथांच्या आधी जवळपास पावणेतीनशे वर्षं. सामराजाचं रुक्मिणीहरण आहे. वाचकाला कुठलं कुणाचं हे कळतं ते कर्त्याच्या रकान्यावरून, म्हणून तो कधीच रिकामा सोडू नका. तुमच्या पोथीत प्रसंगांच्या अखेरीस ‘एका जनार्दनीं’ ही नाममुद्रा स्पष्ट आहे, त्यामुळे कर्त्याबद्दल शंका उरत नाही. कर्त्याचं नाव मात्र नुसतं ‘एकनाथ’ ठेवा. ‘संत’ आणि ‘श्री’ आधी लावले की कर्त्यांच्या यादीत अर्धा महाराष्ट्र स आणि श या दोन अक्षरांखाली गोळा होतो आणि ए खाली एकनाथ सापडत नाहीत.

चिठ्ठीवरचं ‘रुक्मणी मंगल’ टाकून देऊ नका, पण त्याला शीर्षकही करू नका. माळव्यात आणि राजस्थानात याच कथेची हिंदी-राजस्थानी काव्यं ‘रुक्मिणी मंगल’ नावाने चालतात, आणि इंदूरच्या मराठी घरात कुणीतरी आपल्या ओळखीचं नाव चिठ्ठीवर लिहिलं यात नवल नाही. ज्या घराने पोथी दिली ते लोक उद्या तिला त्याच नावाने शोधतील. म्हणून ते dc.title.alternative मध्ये जसंच्या तसं, ‘रुक्मणी’ हे लेखनही न सुधारता घ्या. त्याच रकान्यात आणखी एकदा ‘रुक्मिणी स्वयंवर’ असं तोडूनही घाला. मूळ शीर्षक जोडून लिहिलेलं आहे आणि शोधणारा माणूस मधे जागा सोडून टाइप करतो. संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात.

ज्या पोथीचा शेवट गेलेला आहे आणि नाव कुठेच मिळत नाही, तिथे मजकूर वाचून ओळखलेलं नाव चौकोनी कंसात द्या, आणि कशावरून ओळखलं ते वर्णनात लिहा. चौकोनी कंस म्हणजे ‘हे नाव पोथीत नाही, आम्ही दिलं आहे’ एवढाच अर्थ. तो इतरत्र कुठेही वापरू नका.

आता त्या दोन शकांकडे येऊ. शेवटच्या पत्रावर आधी ओवीत शके १४९३ येतो, आणि ग्रंथ संपल्यावर खाली, जरा मोठ्या अक्षरात, शके १७०६. पहिला शक एकनाथांचा आहे. ग्रंथ वाराणसीत रामनवमीला पुरा झाला असं ते स्वतः सांगतात, आणि ती ओवी ग्रंथाचाच भाग असल्याने प्रत्येक लेखनिक ती इमानाने उतरवतो. म्हणजे गेल्या शतकात उतरवलेल्या प्रतीतही शके १४९३ सापडणार. दुसरा शक उतरवणाऱ्याचा आहे. तारखेच्या रकान्यात १५७१ भरलं तर तुमच्या संग्रहात नाथांच्या हयातीतली प्रत असल्याचा डांगोरा पिटल्यासारखं होईल, आणि असले डांगोरे मी अनेक याद्यांत पाहिले आहेत. कुठला शक कुणाचा हे ओळखायची सोपी खूण अशी की रचनेचा शक ओवीच्या आत, छंदात बांधलेला असतो आणि त्याच्यापुढे ओवीचा आकडा असतो. लेखनिकाचा शक ‘इति श्री’च्या ओळीनंतर गद्यात येतो, आणि त्याच्यासोबत बहुधा गाव, तिथी आणि ‘शुभं भवतु’ असतं.

शक नीट वाचला की नाही याचा पडताळा संवत्सराच्या नावावरून घेता येतो. शकाच्या आकड्यात १२ मिळवा, ६० ने भागा, जी बाकी उरेल तितव्या क्रमांकाचं संवत्सर, प्रभव पहिलं धरून. १४९३ मध्ये १२ मिळवले की १५०५, बाकी ५, पाचवं संवत्सर प्रजापती. ओवीत प्रजापतीच आहे. १७०६ चे होतात १७१८, बाकी ३८, अडतिसावं क्रोधी. लेखनिकाने क्रोधीच लिहिलंय. म्हणजे दोन्ही आकडे बरोबर वाचले गेले. जुन्या हातात १ आणि ९ यांची गल्लत फार होते, तिथे हा पडताळा सोडवतो.

आपल्या भागात मात्र एक अडचण येते. हे गणित नर्मदेच्या दक्षिणेकडच्या पद्धतीचं आहे. नर्मदेच्या उत्तरेला संवत्सराची नावं वेगळ्या हिशोबाने चालतात आणि त्या काळात ती दहाबारा घरं पुढे होती. महेश्वर उत्तर तीरावर आहे, तरी तुमच्या लेखनिकाने दक्षिणेचंच नाव दिलं, बहुधा घरची रीत म्हणून. दुसऱ्या पोथीत आकडा आणि नाव जुळलं नाही, तर लगेच लेखनिकाला चूक ठरवू नका, आधी उत्तरेचं कोष्टक पाहा. ‘संवत’ लिहिलेला आकडा दिसला तर तो विक्रम संवत असण्याची शक्यता आपल्याकडे भरपूर. चैत्रापासून मोजलेल्या विक्रम संवतात आणि शकात १३५ चा फरक असतो, म्हणून शके १७०६ म्हणजे संवत १८४१.

इसवी सन काढताना शकात ७८ मिळवायचे हे सगळ्यांना पाठ असतं, पण वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९ मिळवावे लागतात, कारण जानेवारी मधे उलटून गेलेला असतो. तुमच्या प्रतीची तिथी फाल्गुन शुद्ध १०. म्हणून १७८४ नव्हे, १७८५. पौषातली तिथी असेल तर पंचांगाचं कोष्टक पाहिल्याशिवाय वर्ष लिहू नका. आणि माळव्यातल्या पोथीत वद्य पक्ष असेल तर आणखी एक शंका ठेवा, कारण इथल्या पूर्णिमान्त पंचांगात वद्य पक्षाला पुढच्या महिन्याचं नाव मिळतं. शुद्ध पक्षात हा त्रास नाही.

डीस्पेसचा मूळ फॉर्म dc.date.issued भरल्याशिवाय पुढे सरकत नाही. तिथे लोक स्कॅनिंगचं वर्ष टाकतात आणि मग कालक्रमाने लावलेल्या यादीत सगळ्या पोथ्या यंदाच्या होतात. फॉर्म बदलून घेता येतो, पण तोवर त्या रकान्यात प्रतीचंच वर्ष द्या, इंग्रजी आकड्यांत, नुसतं `1785`. शक, संवत्सर, तिथी हे सगळं वर्णनात.

आता अहिल्याबाईंचं. शके १७०६ मध्ये अहिल्याबाई हयात होत्या, महेश्वर त्यांची राजधानी होती आणि पोथी महेश्वरला उतरवली गेली, एवढं तिन्ही खरं आहे. पण पोथीत त्यांचं नाव नाही. ना देणगीचा उल्लेख, ना शिक्का, ना ‘आज्ञेवरून’ असा शब्द. महेश्वरात त्या वर्षी कितीतरी लोक पोथ्या उतरवत असणार. तेव्हा शीर्षकात नाव नको आणि विषयात तर मुळीच नको, कारण ग्रंथाचा विषय रुक्मिणीचं लग्न आहे. उद्या अहिल्याबाईंवर काम करणारी एखादी विद्यार्थिनी त्यांचं नाव टाकून शोधेल आणि तिच्यापुढे स्वयंवराच्या दोनशे पानांची चित्रं येतील. मंडळातल्या मंडळींना फार वाईट वाटत असेल तर वर्णनात ‘महेश्वर येथे लिहिलेली प्रत, शके १७०६’ हे पहिल्याच वाक्यात घ्या. ज्याला इतिहास ठाऊक आहे तो दुवा आपला आपण जोडेल.

हाच निकष विषयाच्या सगळ्या रकान्याला लावायचा. एक शब्द घ्या आणि कल्पना करा की कुणीतरी नेमका तो शब्द निवडून यादी उघडली. त्याला ही पोथी समोर आल्यावर हवं ते मिळालं असं वाटेल का? ‘कृष्णकथा’ला हो. ‘रुक्मिणी’ला हो. ‘भागवत पुराण, दशम स्कंध’ला हो, कारण कथेचा आधार तो आहे, आणि शीर्षकातून काढलेल्या त्या शब्दांची खरी जागा इथे आहे. ‘आख्यानकाव्य’ हा विषय नाही, प्रकार आहे, पण आपल्याकडे लोक प्रकारावरूनही शोधतात, म्हणून घ्यावा. ‘वारकरी संप्रदाय’? मी घेणार नाही. कर्ता वारकरी आहे, ग्रंथ संप्रदायाविषयी नाही. याबाबतीत माझ्याशी भांडणारे मित्र आहेत आणि त्यांचं म्हणणं अगदीच फोल नाही, पण एकदा कर्त्यावरून विषय ठरवायला लागलं की तुकोबांच्या प्रत्येक कागदावर तोच शिक्का बसतो. ‘मराठी हस्तलिखिते’ हा विषय तर पहिल्याच दिवशी यादीतून काढून टाका. सगळ्याच नोंदींवर जो शब्द आहे त्याने कुणाला काही वेगळं सापडत नाही.

तीन ते पाच विषय पुरतात. प्रत्येक विषय वेगळ्या ओळीत द्यायचा, स्वल्पविराम देऊन एकाच ओळीत कोंबायचा नाही. नाहीतर डीस्पेस ‘कृष्णकथा, रुक्मिणी, आख्यानकाव्य’ हा अख्खा गठ्ठाच एक विषय समजतं. आणि विषयांची यादी एकाच माणसाच्या ताब्यात असू द्या. चार स्वयंसेवक भरायला बसले की कृष्णकथा, कृष्णचरित्र, श्रीकृष्णलीला आणि कृष्ण कथा असे चार विषय महिन्याभरात उभे राहतात आणि पोथ्या चार कप्प्यांत विखुरतात. नवा शब्द हवा असेल तर त्या माणसाला विचारायचं, आपल्या मनाने टाइप करायचा नाही. यादी कागदावर भिंतीला लावली तरी चालेल.

आता वर्णन. इथे लोक ग्रंथाची कथा लिहितात. रुक्मिणीने पत्र पाठवलं, कृष्णाने हरण केलं वगैरे. ती छापील प्रतीत मिळते. वर्णनात ते लिहा जे फक्त या प्रतीला लागू आहे आणि चित्रं चाळून सहज कळणार नाही. पहिली दोन वाक्यं शोधाच्या यादीत दिसतात, म्हणून त्यांत गाभा यावा: काय आहे, कुठे आणि केव्हा उतरवलं, पूर्ण आहे की अपूर्ण.

पूर्ण-अपूर्ण ठरवणं म्हणजे पत्रं मोजणं, आणि तुमची मोजणी मला खटकली. शेवटचा आकडा ११२, दोन गहाळ, म्हणजे ११० पत्रं आणि २२० बाजू. स्कॅनही २२०. हिशोब अगदी जुळतो, म्हणून कुणाला शंका आली नसेल. पण तुमच्या मोबाइलच्या फोटोत ५७ आकड्याची दोन पत्रं शेजारी शेजारी ठेवलेली दिसतात. पहिल्या ५७ च्या पाठीमागे ३४ वी ओवी संपते आणि दुसऱ्या ५७ च्या दर्शनी बाजूला ३५ वी सुरू होते. म्हणजे ती एकाच पत्राची दोनदा लिहिलेली नक्कल नाही. लेखनिकाने आकडा चुकून दोनदा घातला आणि पुढे तसाच चालू ठेवला. पोथीत पत्रं १११ आहेत, बाजू २२२. मग स्कॅन दोन कमी का? स्कॅन करणाऱ्याने आकडा पाहून ‘हे झालं’ म्हणत दुसरं ५७ बाजूला ठेवलं असणार. फोल्डरमध्ये ५७ च्या पाठीमागच्या बाजूनंतर लगेच ५८ ची दर्शनी बाजू येते का पाहा. येत असेल तर ते एक पत्र पुन्हा स्कॅनला पाठवा आणि वर्णनात दोन ५७ ना ‘५७ अ’ आणि ‘५७ आ’ म्हणा. मूळ पत्रावर पेन्सिलीनेही काही लिहू नका.

मोजणीचा आणखी एक पडताळा आहे. नाथांच्या या ग्रंथात अठरा प्रसंग आहेत आणि ओव्या सतराशेच्या वर. तुमच्या पोथीत एका बाजूला ९ ओळी आणि ओळीत साधारण ३६ अक्षरं आहेत, म्हणजे बाजूवर सात-आठ ओव्या, पत्रावर पंधरा. एकशेदहा-बारा पत्रांत हा ग्रंथ बसतो. म्हणजे मधे आकडे सलग असूनही मजकूर गळालेला आहे असं दिसत नाही. हा हिशोब ढोबळ आहे, पण सत्तर पत्रांत ‘संपूर्ण’ असलेली प्रत समोर आली तर तो लगेच कान पकडतो. ४१-४२ बद्दल नुसतं ‘दोन पत्रे नाहीत’ न लिहिता ४० कुठल्या ओवीवर संपतं आणि ४३ कुठल्या ओवीपासून सुरू होतं ते प्रसंगाच्या क्रमांकासह लिहा. पाठभेद पाहणाऱ्याला हे लागतं.

लेखनिकाची ओळ वर्णनात अक्षरशः उतरवा. ‘संवछरे’, ‘शुध’ हे त्याचं लेखन आहे, सुधारायचं नाही. तुमच्या फोटोत नावाची जागा पुसटली आहे. ‘लि॥’ नंतर दोन-तीन अक्षरं गेली आहेत, तर तिथे ‘(२-३ अक्षरे पुसट)’ असं साध्या कंसात लिहा. अंदाजाने नाव भरू नका. एकदा नोंदीत आलेलं नाव मग दहा ठिकाणी उतरवलं जातं.

शाईबद्दल एक वाक्य जरूर घाला. ओव्यांचे आकडे आणि ‘इति श्री’ हिंगुळाने लाल आहेत आणि खोडलेल्या अक्षरांवर हरताळ फासलेली आहे. तुमचे स्कॅन रंगीत आहेत, पण वाचक पुष्कळदा काळं-पांढरं छापून घेतो आणि मग हरताळाखालचं अक्षर त्याला शाबूत वाटतं.

सगळं मिळून नोंद अशी होईल:

```
dc.title              रुक्मिणीस्वयंवर
dc.title.alternative  रुक्मिणी स्वयंवर
dc.title.alternative  रुक्मणी मंगल
dc.contributor.author एकनाथ
dc.date.issued        1785
dc.language.iso       mr
dc.subject            कृष्णकथा
dc.subject            रुक्मिणी
dc.subject            भागवत पुराण, दशम स्कंध
dc.subject            आख्यानकाव्य
dc.description        (खाली पाहा)
```

आणि वर्णनात हा मजकूर:

“एकनाथकृत रुक्मिणीस्वयंवराची महेश्वर येथे शके १७०६ (इ.स. १७८५) मध्ये लिहिलेली प्रत. अपूर्ण, पत्रे ४१ व ४२ नाहीत. सुट्या पत्रांची पोथी, बाळबोध लिपी. एकूण पत्रे १११, आकडे १ ते ११२, ५७ हा आकडा दोनदा (५७ अ, ५७ आ), मजकूर सलग. बाजूवर ९ ओळी, ओळीत सुमारे ३६ अक्षरे. ओव्यांचे आकडे व प्रसंगसमाप्ती हिंगुळाने, दुरुस्त्या हरताळाने. हुंडी: रु. स्व. ग्रंथरचनेचा शक १४९३ (इ.स. १५७१) शेवटच्या प्रसंगात ओवीबद्ध. लेखनिकाची नोंद: ‘शके १७०६ क्रोधी नाम संवछरे फाल्गुन शुध १० ते दिवसीं महेश्वर क्षेत्रीं रेवातीरीं पुस्तक समाप्त लि॥ (२-३ अक्षरे पुसट) शुभं भवतु’. रुमालावरील नंतरच्या चिठ्ठीत नाव ‘रुक्मणी मंगल’.”

यात लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये आणि ४०-४३ च्या ओव्यांचे क्रमांक तुम्ही भरा, ते फोटोवरून मला सांगता येत नाहीत. महेश्वर मी मुद्दाम dc.coverage.spatial मध्ये घातलेलं नाही. तो रकाना ग्रंथातल्या कथेच्या स्थळासाठी आहे, प्रत कुठे लिहिली यासाठी नाही. लेखनस्थळावरून शोध हवा असेल तर ज्यांनी डीस्पेस बसवून दिलं त्यांच्याकडून एक वेगळा रकाना करून घ्या. माळव्यातल्या संग्रहाला तो लागेलच.

शंभर-दोनशे नोंदी असतील तर एकेक फॉर्म भरत बसू नका, तक्ता करून सीएसव्ही फाइलने चढवा. एका रकान्यात अनेक विषय द्यायचे तर मधे दोन उभ्या रेघा:

```
dc.subject
"कृष्णकथा||रुक्मिणी||भागवत पुराण, दशम स्कंध"
```

एक्सेलमध्ये फाइल साठवताना `CSV UTF-8` हाच पर्याय निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. हे निदान डोळ्यांना दिसतं. न दिसणारा घोटाळा वेगळाच आहे. ‘वऱ्हाड’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा ऱ् दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक U+0931 हे अक्षर आणि हलन्त, दुसरा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक U+200D. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण एकाने एका कीबोर्डवर भरलेलं दुसऱ्याने दुसऱ्या कीबोर्डवर शोधलं की ‘काहीही सापडले नाही’. ‘ॲ’ आणि ‘अॅ’चीही तीच गत. हे ओळखायचं तर विषयांची यादी अकारविल्हे लावून पाहा. हुबेहूब तोच शब्द दोनदा आला की समजायचं. एक रूप ठरवा आणि फाइल चढवण्याआधी सगळ्या तक्त्यावर शोध-आणि-बदल एकदा फिरवा.

रुमालात मोडी कागदही निघाले असतील तर त्यांना ही पद्धत लावू नका. पत्राला किंवा हिशोबाला ग्रंथासारखं नाव नसतं, त्यामुळे तिथे शीर्षक आपणच चौकोनी कंसात द्यायचं, कुणाकडून, कुणाला, कशाबद्दल आणि केव्हा एवढ्या चार गोष्टींचं. तारीख बहुधा सुहूर सनात असेल आणि तिचं कोष्टक निराळं. ते कागद सध्या बाजूला ठेवा आणि आधी दुसऱ्या ५७ चा स्कॅन करून घ्या.